सीमेवर जाणारं पत्र

सीमेवरच्या जवानाला मुलांनी लिहिलेल्या पत्राच्या पाकिटावर गावाचं नाव नसतं. तालुका नसतो, जिल्हा नसतो, राज्यही नसतं. जवानाचा क्रमांक, त्याचा हुद्दा, नाव, पलटणीचं नाव, नवापासून सुरू होणारा सहा आकडी पिनकोड आणि शेवटी ‘केअर ऑफ ५६ एपीओ’. एवढंच. असा पत्ता फळ्यावर लिहिला की वर्गातलं एखादं मूल हमखास विचारतं, “सर, पण हे गाव कुठं आलं?” या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं, तर पत्र लिहिण्याआधीच मुलांना जवानाच्या कामाविषयी बरंच काही कळतं. म्हणून मी नेहमी तिथूनच सुरुवात करत आलो.

ते गाव कुठं आहे हे पाकीट पाहून कुणालाही कळू नये, यासाठीच हा पत्ता असा आहे. पलटण आज लडाखमध्ये असेल, दोन-तीन वर्षांनी पंजाबात असेल. तिचा ठावठिकाणा पाकिटावर छापून गावोगाव फिरायला लागला तर शत्रूला वेगळे हेर ठेवायची गरजच उरणार नाही. म्हणून सैन्याच्या टपालात जागेला नाही, पलटणीला पिनकोड दिलेला असतो. पलटण हलली तरी तो तिच्याबरोबरच राहतो. ५६ हा आकडा दिल्लीच्या केंद्रावरून वाटल्या जाणाऱ्या टपालासाठी आणि ९९ हा कोलकात्याहून, म्हणजे पूर्वेकडच्या तुकड्यांसाठी. ‘एपीओ’ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस.

या पिनकोडमागे एक मराठी माणूस आहे, हे मुलांना आवर्जून सांगण्यासारखं आहे. कोकणातले श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी आणि नाटककार होते, आणि केंद्राच्या दळणवळण खात्यात मोठे अधिकारीही. त्यांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली. देशाचे आठ विभाग पाडले आणि नववा विभाग नकाशावर न दिसणारा ठेवला, तो सैन्याचा. त्याच वर्षी १ मार्चला सैन्याची टपालसेवा स्वतंत्र दल म्हणून उभी राहिली होती. रणभूमीवरचं टपाल मात्र त्याहून कितीतरी जुनं. १८५६ साली इराणच्या मोहिमेवर गेलेल्या हिंदी फौजेबरोबर पहिलं फिरतं टपाल कार्यालय गेलं होतं. आजही या दलातली बहुतेक माणसं मूळची आपल्या टपाल खात्यातली. पोस्टात कारकून किंवा सॉर्टर असलेला माणूस स्वखुशीनं काही वर्षांसाठी सैन्यात जातो, वर्दी चढवतो आणि तिथं तेच काम करतो.

आता पत्राबरोबर थोडं चालू. शाळेजवळच्या पेटीत टाकलेलं पाकीट तालुक्याच्या पोस्टातून पुढं जात दिल्लीच्या केंद्रावर पोचतं. इथपर्यंत ते इतर पत्रांसारखंच असतं. कोणती पलटण आज नेमकी कुठं आहे, हे त्या केंद्रावरच्या माणसांना ठाऊक असतं, आणि त्यानुसार पत्र त्या भागातल्या फिरत्या टपाल कार्यालयाच्या थैलीत पडतं. तिथून पलटणीचा एक जवान डाक घेऊन येतो. पलटणीच्या मुख्य ठिकाणापासून पुढच्या चौक्यांवर मात्र पोस्टमन जात नाही. तिथं पत्र शिधा, रॉकेल आणि औषधं यांच्याबरोबर जातं, कधी गाडीतून, कधी खेचरावरून, कधी माणसाच्या पाठीवरून. सियाचेनसारख्या ठिकाणी हेलिकॉप्टरनं जातं. ढग उतरले किंवा वारा सुटला की हेलिकॉप्टर उडत नाही आणि थैली खालीच थांबते. हिवाळ्यात झोजी ला घाट बर्फानं बंद झाला की लडाखकडे जाणारी डाक विमानानं न्यावी लागते. पत्र किती दिवसांत पोचेल हे अशा वेळी हवामान ठरवतं. त्यामुळे नारळी पौर्णिमेला पोचावं असं वाटत असेल तर राखीचं पाकीट आषाढातच पेटीत पडलं पाहिजे. पौर्णिमेच्या आठ दिवस आधी धावपळ करून पाठवलेल्या राख्या पुष्कळदा गणपतीत पोचतात.

पत्त्याचं झालं. आता पत्रात लिहायचं काय?

आभार मानायचे, हे मुलांना माहीत असतं. ते कशाचे मानायचे, हे बहुतेकांना माहीत नसतं. ‘देशाचं रक्षण’ हे दोन शब्द त्यांनी पहिलीपासून ऐकलेले असतात, पण त्या शब्दांमागं त्यांना काही दिसत नाही. फार तर सिनेमातली लढाई दिसते. लढाई मात्र क्वचित होते. रोज होतो तो पहारा, आणि तो कसा असतो हे मुलांना सांगायला हवं. त्याशिवाय पत्र लिहायला बसवू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी नकाशा टांगून सांगायचो. आपली जमिनीवरची सीमा १५ हजार किलोमीटरहून जास्त आहे आणि ती सगळीकडे सारखी नाही. सगळ्यात लांब सीमा बांगलादेशाशी, ४,०९६ किलोमीटर. हे ऐकून मुलं नेहमी चकित होतात, कारण त्यांच्या मनात सीमा म्हणजे काश्मीर. राजस्थानच्या वाळवंटात उन्हाळ्यात पारा पन्नास अंशांकडे झुकतो आणि तिथं सीमा सुरक्षा दलाचे जवान उंटावरून गस्त घालतात. सुंदरबनात तर याच दलाची चौकी पाण्यावर तरंगते. जवान बोटीवरच राहतात. चीनलगतच्या डोंगरांत भारत-तिबेट सीमा पोलीस असतात, नेपाळ आणि भूतानकडे सशस्त्र सीमा बल, म्यानमारच्या बाजूला आसाम रायफल्स. काश्मीरच्या नियंत्रण रेषेवर आणि सियाचेनवर आपलं लष्कर. म्हणजे ‘सैनिक’ असं आपण सरसकट म्हणतो तेव्हा त्यात वेगवेगळ्या दलांची माणसं असतात. त्यांत स्त्रियाही आहेत. सीमा सुरक्षा दलातल्या महिला जवान हातात रायफल घेऊन कुंपणालगत गस्त घालतात. एकदा हे सांगितलं, की वर्गातल्या मुली विचारतात, “मग पत्रात ताई लिहिलं तर चालंल?” अवश्य चालेल. पत्र कुणाच्या हाती पडेल हे माहीत नसेल तर ‘प्रिय सैनिकदादा आणि ताई’ असं लिहावं.

मग एका चौकीवरची एक रात्र सांगायची. दहा-बारा माणसं एका बंकरमध्ये राहतात. रात्री प्रत्येकाची संत्री ड्युटी लागते. साधारण दोन तास उभं राहायचं, मग दुसरा येतो, हा जाऊन झोपतो, आणि पहाटे पुन्हा पाळी. उभं असताना गाणं नाही, मोबाईल नाही, बिडी नाही, कारण अंधारात बिडीचं टोक लांबून दिसतं. समोर बहुतेक रात्री काहीच घडत नाही. काही घडत नसताना जागं राहणं हेच या कामातलं अवघड काम आहे, असं सुट्टीवर आलेले जवान सांगतात.

सियाचेनची गोष्ट मुलं जिवाचा कान करून ऐकतात. १९८४ च्या एप्रिलपासून आपली फौज तिथं आहे. काही ठाणी वीस हजार फुटांच्या वर आहेत. हिवाळ्यात थंडी उणे चाळीसच्याही खाली जाते. प्यायचं पाणी म्हणजे स्टोव्हवर वितळवलेलं बर्फ. २०१९ साली तिथल्या जवानांनी काढलेली एक चित्रफीत देशभर पाहिली गेली: फळांच्या रसाचा डबा फोडला तर आत विटेसारखा गोळा, आणि अंडं हातोडी मारूनही फुटेना. ही चित्रफीत वर्गात दाखवली की पोरं आधी हसतात आणि मग एखादं विचारतं, “मग ते जेवतात काय?” प्रश्न बरोबर आहे. त्या उंचीवर भूकच मरते, जेवण नकोसं होतं, तरी अंगात ताकद राहावी म्हणून जबरदस्तीनं खावं लागतं.

हे ऐकून झाल्यावर मूल लिहायला बसलं तर निदान त्याला कळतं की आपण कशाबद्दल लिहितो आहोत.

तरीही पहिला खर्डा कसा येतो ते दाखवतो. पाचवीतल्या एका मुलीनं असा आणला होता:

“आदरणीय सैनिकहो, आपण ऊन, वारा, पाऊस यांची पर्वा न करता डोळ्यांत तेल घालून देशाचे रक्षण करता. आपण आहात म्हणून आम्ही सुखाने झोपतो. आपल्या त्यागाला आणि बलिदानाला आमचे शतशः प्रणाम. जय हिंद.”

यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पोरगी हुशार. पण वर्गातल्या निम्म्या वह्यांत हेच होतं, कुठं ‘शतशः’ ऐवजी ‘कोटी कोटी’. पंधरा ऑगस्टच्या भाषणातून, निबंधमालेतून, मोठ्या भावाच्या वहीतून आलेली ही वाक्यं. पत्र उघडणारा जवान पहिलं वाचेल, दुसरं वाचेल, चौथ्या पत्रानंतर नुसती पानं उलटेल. आपल्याला कुणी पाठ केलेलं पाठवलं आहे हे त्याला लगेच कळतं. पत्र मनापासून लिहिलेलं आहे की नाही हे ओळखायची एक सोपी खूण मला सापडली आहे: खालचं नाव झाकून बघायचं. नाव झाकल्यावर ते पत्र कुणाचंही असू शकत असेल, तर ते अजून लिहून झालेलं नाही.

‘बलिदान’ हा शब्द मात्र मी काढायलाच सांगतो, आणि त्याचं कारणही मुलांना सांगतो. ज्याला आपण पत्र लिहितो तो माणूस जिवंत आहे. त्याची आई, बायको, पोरं घरी वाट बघताहेत आणि तोही सुट्टीचे दिवस मोजतो आहे. त्याच्या हातात ‘तुमच्या बलिदानाला प्रणाम’ असं पत्र देणं बरं नाही. आपल्या घरातला माणूस प्रवासाला निघाला तर आपण त्याच्याशी असं बोलतो का? मुलांना हे चटकन पटतं.

त्या मुलीला मी वही मिटायला सांगितली आणि विचारलं, “तुझ्या घरात रात्री कुणी जागतं का?”

ती म्हणाली, “पप्पा जागतात. दारं धरायला जातात.”

आमच्या माण-खटावकडं शेतीच्या पंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. त्या आठवड्यात शेतकरी रात्री बॅटरी आणि काठी घेऊन रानात जातो, वाफा भरला की बारं फोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवतो, आणि हे पहाटेपर्यंत चालतं. डोळा लागला तर बांध फुटून पाणी दुसऱ्याच्या रानात. अंधारात पायाखाली साप-विंचू, थंडीत गुडघ्यापर्यंत ओले पाय. मुलीनं हे सगळं पाहिलेलं होतं. तेच लिही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं आणलं ते पत्र असं होतं:

“प्रिय सैनिकदादा,

स. न. वि. वि.

मी पाचवीत शिकते. आमच्याकडं यंदा पाऊस उशिरा आला पण आला. आता रानात कांदा आहे. शेतीची लाईट रात्रीची असते म्हणून पप्पा रात्री दारं धरायला जातात. मी दिवाळीच्या सुट्टीत हट्ट करून त्यांच्याबरोबर गेले होते. पहिल्यांदा मजा वाटली. मग खूप थंडी वाजली आणि झोप आली. पप्पा म्हणाले बांधावर बस पण झोपू नको, साप येतो. तरी मी झोपले. पप्पांनी मला उचलून घरी आणलं.

सरांनी सांगितलं की तुम्ही रात्री दोन दोन तास एका जागी उभे राहता आणि तिकडं आमच्यापेक्षा लय थंडी असते. मला एक रात्र जागता आलं नाही. तुम्ही रोज जागता म्हणून मी तुमचे आभार मानते.

आमच्या म्हशीला रेडी झाली आहे. तिचं नाव अजून ठेवलं नाही. तुम्हाला एखादं सुचलं तर कळवा. वेळ नसला तर राहू द्या.

तुम्ही पण वेळेवर जेवत जा.”

खाली नाव, इयत्ता आणि शाळेचा पत्ता.

या पत्रात आभाराचं वाक्य एकच आहे, पण त्याला तिनं स्वतः काढलेल्या रात्रीचा आधार आहे. रात्रभर जागणं म्हणजे काय हे तिला जेवढं कळलं तेवढंच तिनं लिहिलं, त्याहून मोठं काही लिहायचा प्रयत्न केला नाही. पत्र वाचणारा जवान बहुधा शेतकऱ्याच्याच घरातला असतो. पाऊस उशिरा आला, रानात कांदा आहे, म्हैस व्याली, या बातम्या त्याला आपल्या घरच्यासारख्या वाटतात. घरून फोन आला तरी फोनवर आजारपण, पैसे, पोरांच्या शाळेची फी हेच विषय निघतात. रेडीचं नाव काय ठेवायचं हे कुणी विचारत नाही.

तो शेवटचा प्रश्न तिनं सहज लिहिला, पण तो नेमका होता. जवानाला पत्रात विचारण्यासारखे प्रश्न फार थोडे असतात. तुम्ही कुठं आहात, तिथं किती जण आहात, तुमच्याकडं कोणती बंदूक आहे, शत्रू किती लांब आहे, असले प्रश्न मुलं उत्सुकतेनं विचारतात, पण त्यांची उत्तरं द्यायला त्याला मनाई आहे. मुलाला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर येतं, म्हणून मग तो उत्तरच लिहीत नाही. तुमचा फोटो पाठवा, हेही नको. रेडीचं नाव, आवडती भाजी, लहानपणी कोणता खेळ खेळायचा, शाळेत कोणता विषय अवघड जायचा, हे तो मोकळेपणानं सांगू शकतो. असा एखादा प्रश्न पत्रात असावा, आणि तिनं लिहिलं तसं ‘वेळ नसला तर राहू द्या’ हेही असावं.

पत्रातली भाषा शिक्षकांनी किती सुधारावी, यावर आमच्या शिक्षकांत नेहमी वाद व्हायचा. माझं म्हणणं असं की वाचताना अडेल तेवढंच दुरुस्त करावं. ‘लय थंडी’चं ‘खूप थंडी’ करू नये. पाच ओळींचं पत्र पाच ओळींचंच राहू द्यावं. चित्र काढलं तर उत्तम, पण चित्रातही रणगाडा आणि तोफ काढण्यापेक्षा आपलं घर, शाळा, गावचा ओढा काढायला सांगावं. रणगाडा त्यानं पुष्कळ पाहिलेला आहे.

मराठीत लिहावं की हिंदीत, हा प्रश्न खरा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीला लिहायचं तर मराठीच, तिथं मराठी वाचणारी माणसं भरपूर. पण सीमेवर डोगरा, गढवाली, मद्रासी, आसामी, शीख अशा सगळ्या पलटणी असतात. कुठली पलटण ते माहीत नसेल तर मुलानं मराठीत लिहावं आणि खाली दोन-चार ओळींत हिंदीत तेच पुन्हा लिहावं. सगळं पत्र हिंदीत लिहायला लावलं की पाचवीचं मूल पुन्हा पाठ्यपुस्तकातल्या वाक्यांकडे वळतं.

पत्ता कुणाचा मिळवायचा, हा पुढचा प्रश्न. आमच्या सातारा जिल्ह्यात हे सोपं आहे. इथं अपशिंगे गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका टाकळीचं नावच सैनिक टाकळी आहे. अशा भागांत प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी सैन्यात असतो. त्याच्या घरच्यांकडून पत्ता घ्यावा, आणि तो सुट्टीवर आला असेल तर पत्रांचा गठ्ठा त्याच्याच हाती द्यावा. पत्रं पोचवण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही. तो मुलांना वर्गात येऊन भेटला तर आणखी चांगलं. मुलांना तो इथलाच, आपल्या शेजारचा वाटतो आणि पत्रांतली भाषा तिथल्या तिथं बदलते. जिथं असा कुणी ओळखीचा नसेल तिथं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावं. प्रत्येक माजी सैनिकाला ते कार्यालय ठाऊक असतं. सीमा सुरक्षा दल किंवा सशस्त्र सीमा बलातल्या माणसाला लिहायचं असेल तर पत्त्याची रीत वेगळी असू शकते, म्हणून तो पत्ता त्याच्या घरून जसाच्या तसा लिहून आणावा, आपल्या मनानं ‘५६ एपीओ’ जोडू नये. पत्त्यातला एक आकडा चुकला तर पत्र भलत्याच पलटणीच्या थैलीत पडतं आणि फिरत राहतं. म्हणून पाकिटावरचा पत्ता मोठ्या माणसानं लिहावा, आणि मागच्या बाजूला शाळेचा पत्ता घालायला विसरू नये. मुलाच्या घरचा पत्ता आणि फोन नंबर मात्र पत्रात कुठंही नको.

किती पत्रं पाठवायची, याचाही विचार करावा. एखाद्या मोठ्या शाळेतून चारशे पत्रांचं खोकं एका पलटणीला जातं, छायाचित्र निघतं, वर्तमानपत्रात बातमी येते. त्या चारशेतली किती कुणी पूर्ण वाचत असेल? एका कंपनीत शंभर-सव्वाशे जवान असतात. पस्तीस मुलांच्या वर्गानं एका कंपनीला पस्तीस पत्रं पाठवली तर प्रत्येक पत्र तीन-चार जणांच्या हातात फिरतं आणि नीट वाचलं जातं. वर्ग लहान असेल तर पन्नास पैशांची पोस्टकार्डंही पुरतात. कार्डावर जागा थोडी, त्यामुळे मूल नेमकं काय लिहायचं याचा विचार करतं. कार्ड उघडं असतं, वाटेत कुणीही वाचू शकतं, पण म्हशीच्या रेडीत लपवण्यासारखं काय आहे?

पाकिटात चमकी लावू नये. ती गळते, हाताला आणि कपड्यांना चिकटते आणि चौकीवर अंघोळीचं पाणी जपून वापरावं लागतं. मिठाई आणि चॉकलेट नको. वाळवंटात वितळतात आणि डोंगरात दगड होतात. राखी पाठवायची तर साध्या रेशमी धाग्याची, मनगटावर पातळ बसेल अशी. मोठ्या फुलाची, खडे लावलेली राखी हातमोज्यात मावत नाही. हे सुट्टीवर आलेल्या एका हवालदारानं आमच्या मुलींना समजावून सांगितलं होतं आणि त्या वर्षी सगळ्या वर्गानं स्वतः धागे वळून राख्या केल्या.

तिकडे पत्रं पोचली की काय होतं, हे मुलं फार विचारतात. नावानं आलेलं पत्र ज्याचं त्याला मिळतं. नुसतं ‘सैनिकदादा’ म्हणून आलेला गठ्ठा कंपनीत जातो. सैनिक संमेलनात किंवा बडाखान्याला, म्हणजे सगळे मिळून जेवतात त्या दिवशी, त्यातली काही मोठ्यानं वाचली जातात. उरलेली लंगरात किंवा बराकीत फिरतात. आता बऱ्याच ठिकाणी फोन लागतो, जवान घरच्यांशी चेहरा बघून बोलू शकतो, तरी पुढच्या चौक्यांवर पुष्कळदा फोन चालत नाही किंवा वापरायला परवानगी नसते. तिथं कागद चालतो. तो खिशात राहतो आणि रेंज नसली तरी पुन्हा वाचता येतो.

उत्तर येईलच असं मुलांना कधी सांगू नये. आलंच तर बहुतेक वेळा ते अधिकाऱ्याच्या सहीचं, टंकलिखित, शाळेच्या नावानं असतं: आपल्या विद्यार्थ्यांची पत्रं मिळाली, जवानांना आनंद झाला. मुलं हिरमुसतात, कारण प्रत्येकाला आपल्या नावाचं पत्र हवं असतं. तेव्हा त्यांना सांगावं की पस्तीस पत्रांना पस्तीस उत्तरं लिहायला तिकडं सवड नसते, आणि जे काम करतात म्हणून आपण आभार मानले, तेच काम ते या वेळी करत असतील. कधी मात्र एखादा जवान स्वतः लिहितो. त्याला घरी पत्र पाठवायला सैन्याचं वेगळं आंतर्देशीय पत्र मिळतं, त्यावर तिकीट लावावं लागत नाही. त्यावर हिंदीत, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलेलं उत्तर आमच्या शाळेत आलं तेव्हा त्यात जागेचं नाव अर्थातच नव्हतं. तो गढवालचा होता. आमच्याकडंही डोंगरात शेती आहे, पण कांदा होत नाही, मंडुआ होतो, असं त्यानं लिहिलं होतं. मंडुआ म्हणजे आपली नाचणी, हे कळल्यावर वर्गाला केवढा आनंद झाला! रेडीसाठी त्यानं ‘गौरी’ हे नाव सुचवलं होतं. घरच्यांनी तोवर तिला चंद्री म्हणायला सुरुवात केली होती, आणि हे त्याला कळवायचं की नाही यावर वर्गात जोरदार चर्चा झाली. शेवटी मुलीनं खरं काय ते लिहायचं ठरवलं: नाव चंद्री आहे, पण पुढची रेडी झाली की गौरी.

हे दुसरं पत्र पहिल्यापेक्षा महत्त्वाचं असतं आणि शाळांत नेमकं तेच राहून जातं. पंधरा ऑगस्टला उपक्रम होतो, अहवालात नोंद होते आणि विषय संपतो. ज्या जवानानं वेळ काढून उत्तर लिहिलं त्याला पुढं काहीच कळत नाही. म्हणून पहिली पत्रं जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला पाठवावीत, म्हणजे उत्तर यायला आणि दुसरी पत्रं लिहायला वर्ष हाताशी राहतं. दुसरी पत्रं सुगी झाल्यावर, जानेवारीत जावीत. तेव्हा मुलांकडं सांगायला पुष्कळ असतं. मार्चमध्ये परीक्षेचं वारं सुरू होतं आणि मग कुणाचं लक्ष लागत नाही. जवानाची सुट्टी लागली असेल किंवा पलटण हलली असेल, तरी पत्र त्याच पिनकोडवर टाकावं. टपालवाले ते शोधून देतात, थोडा उशीर होतो इतकंच.